मायास्थेनियातील अशक्तता : चेतास्नायू-संधीवरील शिल्लक आणि तिचा क्षय



या व्याख्यानमालेचा परिपाठ असा, की व्याख्यात्याने आपल्या व्यवसायातील एकच प्रश्न हाती घ्यावा आणि तो वैद्यकाशी संबंध नसलेल्या श्रोत्यांसमोर शेवटपर्यंत उलगडून दाखवावा. त्या परिपाठाला अनुसरून मी आज मायास्थेनिया ग्रेव्हिस या आजाराचा विचार मांडणार आहे. आणि त्यातही या आजाराचे सर्व अंगांनी वर्णन करण्याऐवजी एकाच प्रश्नापुरती मर्यादा घालून घेणार आहे. ज्या माणसाचा मेंदू शाबूत आहे, ज्याचे चेतातंतू शाबूत आहेत आणि ज्याच्या स्नायूंतही प्रथमदर्शनी काही उणे दिसत नाही, त्याची पापणी सकाळी वर राहते आणि संध्याकाळी का खाली येते? घटकाभर डोळे मिटून पडल्यावर ती पुन्हा वर का जाते? आणि एका लहानशा गोळीने हीच पापणी तासाभरात का उचलली जाते? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, असे मला दाखवायचे आहे.

या अशक्ततेची नोंद फार जुनी आहे. इंग्लंडातील वैद्य टॉमस विलिस याने १६७२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एका स्त्रीची हकिकत दिली आहे. ती काही काळ अगदी मोकळेपणाने बोलत असे. परंतु पुष्कळ वेळ किंवा घाईघाईने बोलणे झाले, म्हणजे तिच्या तोंडून शब्दही उमटेनासा होई आणि तास-दोन तासांनी वाचा परत येई. त्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १८९५ साली, बर्लिनच्या फ्रीडरिख यॉली याने अशा रुग्णाच्या स्नायूला विजेचे लागोपाठ धक्के दिले आणि त्याला असे दिसले, की आरंभीच्या धक्क्यांना स्नायू जोराने आकसतो, पुढच्या धक्क्यांना त्याचे आकसणे उत्तरोत्तर क्षीण होत जाते आणि थोड्या विसाव्यानंतर पूर्वीचा जोर परत येतो. या प्रयोगात रुग्णाच्या इच्छेचा काही भाग नव्हता. थकवा मनाचा नव्हता, आळसाचा नव्हता आणि उन्मादाचा तर नव्हताच. तो शरीरातील कोठल्या तरी निश्चित जागी घडत होता. ती जागा कोणती, एवढाच प्रश्न उरला होता.

त्या जागेकडे बोट दाखविणारी घटना १९३४ साली लंडनच्या ग्रिनिच भागातील सेंट आल्फेज रुग्णालयात घडली. डॉ. मेरी वॉकर तेथे साहाय्यक वैद्यकीय अधिकारी होत्या. पूर्वी दरिद्री लोकांसाठी चालविल्या जाणाऱ्या या रुग्णालयात संशोधनाचा म्हणावा असा सरंजाम नव्हता. परंतु ५६ वर्षांची एक मायास्थेनियाची रुग्ण त्यांच्या देखरेखीखाली होती. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांच्या टोकांना जे कुरारे नावाचे विष लावीत, त्याच्या बाधेशी या आजाराची लक्षणे फार जुळतात, हे साम्य डॉ. वॉकर यांच्या ध्यानात होते. आणि कुरारेच्या परिणामाला काही अंशी उतारा म्हणून फायसोस्टिग्मीन उपयोगी पडते, हेही त्यांना ठाऊक होते. हे फायसोस्टिग्मीन पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार येथील एका विषारी शेंगेच्या दाण्यापासून काढलेले. विषाला उतारा चालतो, तर विषासारख्या दिसणाऱ्या आजाराला तो का चालू नये, या सरळ तर्काने त्यांनी त्या स्त्रीला फायसोस्टिग्मीनची सुई टोचली. पापणी वर गेली, हातांना जोर आला, गिळणे सुधारले आणि काही तासांनी हा सर्व परिणाम ओसरला. जून १९३४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचे छोटेसे पत्र छापून आले. पुढच्याच वर्षी त्यांनी निओस्टिग्मीन हे अधिक सोयीचे औषध वापरून दाखविले. निओस्टिग्मीनचा असा उपयोग १९३२ साली जर्मनीत लाझार रेमेन यानेही नोंदविला होता. परंतु त्या नोंदीचे मर्म तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

येथे कालक्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. चेतातंतू स्नायूला जो संदेश देतो तो ॲसिटिलकोलीन या द्रव्याच्या द्वारे देतो, ही गोष्ट हेन्‍री डेल आणि त्यांचे सहकारी यांनी ऐच्छिक स्नायूंच्या बाबतीत १९३६ साली प्रयोगाने दाखविली. म्हणजे डॉ. वॉकर यांच्या रुग्णाची पापणी उचलली गेली, तेव्हा ती कशाने उचलली गेली याचा पुरावा अजून पुरा व्हायचा होता. उपचार आधी सापडला आणि त्याच्या कारणाचा शोध पुढे चाळीस वर्षे चालू राहिला.

आता ती जागा जवळून पाहू. चेतातंतू स्नायूपर्यंत पोहोचतो, पण त्याला चिकटत नाही. दोहोंच्या मध्ये एक अतिशय अरुंद फट राहते. या सगळ्या रचनेला चेतास्नायू-संधी म्हणतात. मी तिला नुसती संधी म्हणेन. फटीच्या अलीकडे चेतातंतूचे टोक असते आणि त्यात ॲसिटिलकोलीनने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पुटिका साठविलेल्या असतात. एकेका पुटिकेत त्या द्रव्याचे काही हजार रेणू मावतात. चेतातंतूतून विजेचा संदेश टोकाशी आला, की कॅल्शियम आत शिरते आणि कित्येक पुटिका एकदम फुटून आपला ऐवज फटीत रिकामा करतात. फटीच्या पलीकडे स्नायूच्या पृष्ठभागाला घड्या पडलेल्या असतात आणि त्या घड्यांच्या माथ्यांवर ॲसिटिलकोलीनचे ग्राही दाटीने बसविलेले असतात. रेणू ग्राहीला भिडले म्हणजे ग्राहीतील मार्ग उघडतो, सोडियमचे कण आत धावतात आणि त्या ठिकाणी विद्युद्दाब बदलतो. हा बदल एका ठराविक मर्यादेच्या पुढे गेला, तर स्नायूचा तो तंतू पुरता पेटतो आणि आकसतो. मर्यादेच्या अलीकडे राहिला, तर काहीच होत नाही. एका तंतूपुरते पाहिले, तर अर्धे आकसणे असा प्रकार येथे नाही.

मर्यादा ओलांडण्यापुरताच बदल निसर्गाने घडवून आणला असता, तर आपल्यापैकी कोणालाही जिना चढता आला नसता; कारण चेतातंतूच्या टोकाशी तत्काळ सोडण्याजोग्या पुटिकांचा साठा थोडा असतो आणि संदेश लागोपाठ येऊ लागले, की दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा आणि तिसऱ्या खेपेला दुसऱ्यापेक्षा कमी पुटिका फुटतात. मागचा साठा पुढे आणून ही तूट भरून काढायला काही काळ जावा लागतो. ही घट निरोगी माणसातही होते, हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण पुढचे सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे. निरोगी माणसाला ती जाणवत नाही, याचे कारण एवढेच, की त्याच्या संधीवर गरजेच्या तिप्पट-चौपट परिणाम घडवून आणण्याची तजवीज असते. सुस्थितीतील गृहस्थाच्या खात्यावर जशी खर्चाच्या मानाने भरपूर शिल्लक असते आणि एखाद्या महिन्यात जमा घटली तरी त्याचा एकही व्यवहार अडत नाही, तसे हे आहे. मायास्थेनियात ही शिल्लक जवळजवळ नाहीशी होते. तूट नवी नसते. तूट सोसण्याची ऐपत गेलेली असते.

समजुतीसाठी काही सोपे आकडे घेऊन हा हिशेब मांडून पाहू. एका स्नायुतंतूला पेटण्यासाठी १५ मिलिव्होल्टचा बदल लागतो असे धरा. निरोगी संधीवर पहिल्या संदेशाला ४५ मिलिव्होल्टचा बदल होतो. दुसऱ्या संदेशाला द्रव्य कमी सुटल्यामुळे ३८, तिसऱ्याला ३४, चौथ्याला ३१. घट स्पष्ट आहे. पण चारही खेपांना बदल मर्यादेच्या दुपटीहून अधिक राहिला आणि तंतू चारही वेळा आकसला. आता आजारी संधी घ्या. तेथे द्रव्य तितकेच सुटते, त्याची घटही त्याच प्रमाणात होते. पण ग्राही थोडे उरल्यामुळे पहिल्याच संदेशाला बदल होतो तो २० मिलिव्होल्टचा. तो मर्यादेच्या वर आहे, म्हणून तंतू आकसतो आणि परीक्षा घेणाऱ्या वैद्याला वाटते, जोर तर ठीक दिसतो. दुसऱ्या संदेशाला १७, म्हणजे अजून निभावले. तिसऱ्याला १५, म्हणजे अगदी काठावर. चौथ्याला १४, आणि तंतू गप्प बसतो. एका स्नायूत असे हजारो तंतू असतात आणि प्रत्येकाच्या संधीवरील शिल्लक निरनिराळी असते; त्यामुळे काही तंतू चौथ्या संदेशाला गळतात, काही अधिक श्रमानंतर गळतात, काही टिकून राहतात आणि एकंदर स्नायूचा जोर पायरी-पायरीने उतरत जातो. विश्रांती मिळाली, की पुटिकांचा तत्काळ साठा भरून निघतो, बदल पुन्हा २० वर येतो आणि गेलेला जोर परततो. विलिसच्या त्या स्त्रीची वाचा जाणे आणि येणे, यॉलीच्या धक्क्यांना मिळालेले उतरते उत्तर, आणि आमच्या रुग्णांची सकाळ व संध्याकाळ, हे सर्व या चार आकड्यांत सामावले आहे.

ग्राही कमी का होतात, याचा उलगडा १९७३ साली दोन बाजूंनी झाला. तैवानमधील एका मण्यारीच्या विषातील एक घटक ग्राहींना घट्ट चिकटून बसतो, हे आधीच ज्ञात झाले होते. त्या घटकाला किरणोत्सर्गी खूण लावून फॅमब्रो, ड्राकमन आणि सत्यमूर्ती यांनी रुग्णांच्या स्नायूंतील ग्राहींची गणती केली, तेव्हा ते निरोग्यांच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरले. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत्-ईल माशापासून शुद्ध केलेले ग्राही सशांना टोचले. सशांच्या शरीराने या परक्या ग्राहींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार केली आणि त्या प्रतिद्रव्यांनी सशांच्या स्वतःच्याच ग्राहींवर हल्ला केला. ससे लुळे पडू लागले आणि डॉ. वॉकर यांच्या औषधाच्या जातीचे औषध दिल्यावर काही काळ सावरले. माणसातही हेच घडते. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच ग्राहींना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये काढते. ही प्रतिद्रव्ये दोन शेजारी ग्राहींना एकमेकांशी जखडून त्यांना वेळेआधी आत ओढून नष्ट करवितात. त्याहून अधिक हानी अशी, की रक्तातील पूरक प्रथिनांना बोलावून ती स्नायूच्या घड्यांचाच विध्वंस करवितात. घड्या सपाट झाल्या, की ग्राही तर जातातच, शिवाय घड्यांच्या तळाशी असलेले आणि तंतू पेटविण्याला मदत करणारे सोडियमचे मार्गही जातात. म्हणजे जमा घटते आणि त्याच वेळी खर्चाची मर्यादाही वर चढते. ज्यांचा आजार सर्व शरीरात पसरलेला असतो, अशा शंभरांतील सुमारे ऐंशी ते पंच्याऐंशी रुग्णांच्या रक्तात ही प्रतिद्रव्ये सापडतात. केवळ डोळ्यांपुरता आजार असेल, तर साधारणपणे निम्म्यांत.

आता एका रुग्णाकडे वळू. पुढील वर्णन कोणा एका व्यक्तीचे नाही. अनेक रुग्णांच्या हकिकती एकत्र करून ते तयार केले आहे. तिशीच्या आतबाहेरची एक शिक्षिका आहे. सकाळच्या पहिल्या तासाला तिचा आवाज स्वच्छ असतो. तिसऱ्या तासापासून तो नाकात जाऊ लागतो. फळ्यावर लिहिताना हात वर धरवत नाही. जेवताना पहिले घास सुरळीत जातात आणि शेवटी शेवटी जबडा हाताने धरून चावावे लागते. संध्याकाळी एकाची दोन माणसे दिसतात आणि डावी पापणी डोळ्यावर येते. घरची मंडळी म्हणतात, अशक्तपणा आहे, टॉनिक घे. सकाळच्या वेळी दवाखान्यात गेली, तर वैद्य तिचा हात दाबून पाहतात आणि जोर चांगला आहे असे सांगतात. तिच्या तक्रारीची दखल मनाचा रोग म्हणून घेतली जाण्याचा धोका येथे मोठा आहे.

या रुग्णाला तपासताना जोर किती आहे असे विचारून भागत नाही. तो कितव्या खेपेला उतरतो, हे पाहावे लागते. तिला छताकडे एकटक पाहायला सांगावे आणि मिनिट-दोन मिनिटे थांबावे. पापण्या हळूहळू खाली सरकू लागतात. दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगावे, मोठ्याने आकडे मोजायला सांगावे; हात झुकतो, आवाज बदलतो. मग डोळे मिटून थोडा विसावा द्यावा आणि पुन्हा पाहावे. उतरणे आणि परतणे ही दोन्ही दिसली पाहिजेत. नुसते दमणे पुष्कळ आजारांत असते, विशिष्ट स्नायूचा मोजता येण्याजोगा जोर असा उतरून परतणे थोड्या आजारांत असते. त्याबरोबर जे शाबूत आहे तेही पाहावे. बाहुली प्रकाशाला नेहमीप्रमाणे लहान होते, कारण तिच्या स्नायूवरचे ग्राही निराळ्या जातीचे आहेत आणि ही प्रतिद्रव्ये त्यांना शिवत नाहीत. स्पर्श शाबूत असतो, कारण संवेदना वाहणाऱ्या तंतूंचा या संधीशी संबंध नाही. बाहुली मोठी झाली असेल किंवा हाताला बधिरता असेल, तर निदानाचा फेरविचार करावा. डोळ्यांच्या स्नायूंवर हा आजार पहिल्याने येतो, त्याचे एक कारण असे, की या स्नायूंना येणारे संदेश फार जलद गतीचे असतात आणि जागेपणी त्यांना उसंत जवळजवळ नसते.

बर्फाची एक साधी परीक्षा आहे. पडलेल्या पापणीवर कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटे धरावा. मायास्थेनियात पापणी पुष्कळदा दोन मिलिमीटर किंवा अधिक वर गेलेली आढळते, कारण थंडीने संधीवरील विकराचे काम मंदावते. या विकराविषयी मी पुढे बोलणार आहे. यॉलीची परीक्षाही आजच्या रूपात करता येते. चेतातंतूला सेकंदाला तीन या वेगाने धक्के देऊन स्नायूच्या विद्युत्-उत्तराची उंची मोजतात. पहिल्या उत्तराच्या मानाने चौथे किंवा पाचवे उत्तर दहा टक्क्यांहून अधिक उतरले, तर ते विकृत मानतात. त्यापुढे मागचा साठा पुढे येऊ लागतो आणि उत्तर थोडे सावरते. मघाच्या आपल्या हिशेबाचेच हे यंत्राने काढलेले चित्र आहे.

आता औषधाचा विचार करू. ॲसिटिलकोलीन फटीत सुटले म्हणजे ते तेथे रेंगाळू नये, असा कडक बंदोबस्त आहे. कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्या फटीतच ठाण मांडून बसलेले असते आणि ते ॲसिटिलकोलीनच्या रेणूंचे तत्काळ दोन तुकडे करते. सुटलेल्या द्रव्याचा बराच भाग ग्राहीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच असा खर्ची पडतो. जो रेणू ग्राहीला एकदा भिडून सुटतो, त्याला दुसऱ्या ग्राहीकडे जाण्यास वाव बहुधा मिळत नाही. निरोगी माणसात ही व्यवस्था हितकारक आहे, कारण एका संदेशाचा परिणाम पुढच्या संदेशात मिसळत नाही. परंतु ग्राही विरळ झालेल्या संधीवर हीच तत्परता जाचक ठरते. पिरिडोस्टिग्मीनसारखे औषध या विकराला काही तास अडकवून ठेवते. मग तोच रेणू एका ग्राहीला भिडतो, सुटतो, फटीत थोडा हिंडतो आणि दुसऱ्या ग्राहीला भिडतो. ग्राहींची संख्या एकानेही वाढलेली नसते आणि चेतातंतूने एक पुटिकाही अधिक सोडलेली नसते. सुटलेल्या द्रव्याचा उपयोग मात्र अधिक होतो. आपल्या हिशेबात या औषधाने परिणाम दीडपट झाला असे धरा. २०, १७, १५ आणि १४ च्या जागी ३०, २५.५, २२.५ आणि २१ येतात. उतार कायम आहे, पण चारही पायऱ्या १५ च्या वर आहेत, आणि म्हणून शिक्षिकेचा आवाज तिसऱ्या तासालाही टिकतो. औषध थकवा काढून टाकत नाही. थकव्याला मर्यादेच्या वर उचलून धरते.

निदानासाठी आपल्याकडील रुग्णालयांत निओस्टिग्मीनची सुई पुष्कळदा दिली जाते. प्रौढाला दीड मिलिग्रॅम स्नायूत देतात आणि पोटातील मुरडा व नाडीचे मंदावणे टाळण्यासाठी तिच्याबरोबर ॲट्रोपीन देतात. पाव ते अर्ध्या तासात पापणी उचलली जाते की नाही ते पाहतात. ॲट्रोपीन का द्यावे लागते, हेही समजून घेतले पाहिजे. विकराला अडकविणारे औषध फक्त ऐच्छिक स्नायूंच्या संधी निवडून काम करीत नाही. आतडी, लाळग्रंथी, श्वासनलिका आणि हृदय यांच्या ठिकाणीही ॲसिटिलकोलीन साचू लागते. ॲट्रोपीन तेथील ग्राहींना झाकते आणि स्नायूंवरील ग्राहींना तसेच मोकळे ठेवते. रोजच्या उपचारात पिरिडोस्टिग्मीनची साठ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन-चार वेळा देण्याचा प्रघात आहे. तिचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात दिसू लागतो आणि तीन-चार तास टिकतो; म्हणून ज्याला गिळताना त्रास होतो त्याने ती जेवणाआधी सुमारे अर्धा-पाऊण तास घ्यावी, म्हणजे घास घशाशी येईल तेव्हा जोर हाताशी असेल.

हे औषध कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे पाहिले म्हणजे त्याच्या कार्याची समजूत पक्की होते. आणि त्यासाठी आपल्याच शेतांतील दोन सापांकडे पाहावे लागते. नाग आणि मण्यार या दोहोंच्या दंशाने पापण्या पडतात आणि श्वास बंद पडू शकतो. नागाच्या विषातील घटक पलीकडच्या ग्राहींवर जाऊन बसतो. चेतातंतूचे टोक धड असते, द्रव्य सुटत असते, आणि म्हणून प्रतिविषाच्या जोडीला निओस्टिग्मीन दिल्यास ते उपयोगी पडते. मण्यारीच्या विषातील मुख्य घटक चेतातंतूच्या टोकाचाच नाश करतो. तेथे द्रव्यच सुटत नाही; विकराला अडकवून जपून ठेवायला फटीत काही नसते, आणि निओस्टिग्मीनने विशेष काही साधत नाही. दोन्ही दंशांत प्रतिविष हाच मुख्य आधार आहे. पण आपल्या औषधाचे तत्त्व येथे उघडे होते. हे औषध असलेल्या द्रव्याची काटकसर करू शकते, नसलेले द्रव्य निर्माण करू शकत नाही. थोड्या ग्राहींकडून अधिक काम घेऊ शकते, ग्राही अजिबात उरले नसतील तर काही करू शकत नाही.

याच तत्त्वातून औषधाचा धोकाही निघतो. पिकांवर फवारली जाणारी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके याच विकराला अडकवितात, पण जवळजवळ कायमची. विषबाधा झालेल्या शेतकऱ्याच्या तोंडाला फेस येतो, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. स्नायू लुळे का पडावेत, जर ॲसिटिलकोलीन विपुल आहे? कारण ग्राही सतत उघडे राहिले, तर स्नायूचा पृष्ठभाग पूर्वस्थितीला येतच नाही, आणि जो पूर्वस्थितीला आला नाही तो पुन्हा पेटू शकत नाही. शिवाय सतत उत्तेजित झालेले ग्राही पुढे उत्तर देईनासे होतात. मायास्थेनियाच्या रुग्णाने गोळ्यांचा अतिरेक केला, तर तीच अवस्था कमी प्रमाणात येऊ शकते. अशा वेळी समोर एकच दृश्य असते, रुग्ण अधिक अशक्त झाला आहे, आणि त्याची दोन परस्परविरुद्ध कारणे संभवतात: औषध कमी पडले किंवा औषध जास्त झाले. लाळ, घाम, जुलाब, पोटात मुरडा, लहान बाहुल्या आणि स्नायूंची फडफड ही अतिरेकाची साक्ष देतात. ती नसतील, तर आजार बळावला असण्याची शक्यता अधिक. प्रत्यक्षात आज पाहण्यात येणारी बहुतेक संकटे आजार बळावल्यामुळे आलेली असतात. काही रुग्णांत ग्राहींऐवजी त्यांच्या मांडणीची व्यवस्था पाहणाऱ्या मस्क नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. हे २००१ साली उघडकीस आले. अशा रुग्णांना या गोळ्यांचा लाभ थोडा आणि त्रास अधिक होतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

शिल्लक थोडी असली म्हणजे किरकोळ खर्चही अंगावर येतो. निरोगी माणसाच्या संधीवर जेन्टामायसिनसारख्या प्रतिजैविकाने किंवा शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमने जो अल्प परिणाम होतो, तो त्याला कळतही नाही; मायास्थेनियाच्या रुग्णाला मात्र तेवढ्यानेच श्वास घेणे अवघड होऊ शकते. म्हणून या रुग्णाने कोणत्याही नव्या वैद्यापुढे, दंतवैद्यापुढे किंवा भूल देणाऱ्यापुढे आपल्या आजाराचे नाव प्रथम सांगावे. साध्या तापानेही शिल्लक घटते.

एवढ्या विवेचनावरून गोळीची जागा नेमकी ठरविता येते. ती प्रतिद्रव्यांना हात लावीत नाही. ग्राहींचा संहार गोळी घेतली तरी चालू राहतो. तो थांबविण्यासाठी स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी अन्य औषधे लागतात. निवडक रुग्णांत छातीतील थायमस ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात. तिचा लाभ २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित चाचणीने सिद्ध झाला आहे. संकटाच्या वेळी रक्तातील प्रतिद्रव्ये गाळून काढावी लागतात किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. येथे एक सूचना व्यवहाराची आहे. स्टेरॉइडची मोठी मात्रा एकदम सुरू केली, तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत काही रुग्ण आधी अधिक अशक्त होतात. म्हणून ती देखरेखीखाली सुरू करतात.

या रुग्णांच्या घरच्या मंडळींनी काय पाहावे, हे सांगून मी थांबतो. गोळीचा परिणाम पूर्वी चार तास टिकत असे आणि आता दोनच तास टिकतो, अशी तक्रार आली, तर आपण होऊन गोळ्या वाढवू नयेत. गोळी पूर्वीचीच आहे, तिला ज्यांच्याकडून काम घ्यायचे ते ग्राही कमी झाले आहेत, असा या तक्रारीचा अर्थ बहुधा असतो आणि मूळ उपचार वाढविण्याची वेळ आलेली असते. रुग्णाला दीर्घ श्वास घेऊन एका दमात सावकाश आकडे मोजायला रोज सांगावे. निरोगी प्रौढ पन्नासाच्या आसपास पोहोचतो. हा आकडा दिवसागणिक उतरत असेल, वीसच्या खाली आला असेल, पाणी पिताना नाकातून येत असेल किंवा खोकल्यात जोर उरला नसेल, तर रात्र उलटण्याची वाट न पाहता कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ठीक दिसते म्हणून घरी थांबू नये. श्वासाचे स्नायू थकू लागले तरी ते प्रमाण शेवटपर्यंत ठीक दिसू शकते आणि उतरू लागते तेव्हा अवधी फार थोडा राहिलेला असतो. पापणीला किंवा हाताला तासभर विसावा देता येतो. श्वासाच्या स्नायूंना तो केवळ यंत्रच देऊ शकते. आणि तो वेळेवर मिळाला, तर प्रतिद्रव्ये काढून टाकण्याचा उपचार चालू असताना स्नायूंवर नवे ग्राही पुन्हा उगवतात, कारण ते घडविण्याची स्नायूची शक्ती या आजारात नष्ट झालेली नसते.